दारात कोण उभं राहणार?

समजा, लग्नसराईतली रात्र आहे. दहा वाजून गेलेत. किनवट-माहूर रस्त्यावरच्या एका वळणावर वऱ्हाडाचा टेम्पो उलटला आहे आणि त्यात तीसेक माणसं होती. जवळच्या लहान रुग्णालयात त्या वेळी एक वैद्यकीय अधिकारी, दोन सिस्टर, एक कक्षसेवक, एक सफाई कामगार आणि गेटवरचा चौकीदार एवढेच लोक हजर आहेत. मराठवाड्यात आपत्ती म्हटलं की ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारी आठवते, आणि आपले आराखडेही तेवढ्या मोठ्या संकटाला समोर ठेवून लिहिलेले असतात. लहान रुग्णालयाच्या दारात येणारं संकट मात्र बहुधा एका वाहनाचं असतं, आणि बाकीची माणसं पोचेपर्यंतचा पहिला अर्धा तास या सहा जणांनाच निभवावा लागतो.

या अर्ध्या तासातली पहिली चूक ठरलेली असते. अपघातस्थळावरून आधी निघतात ते चालू शकणारे. मागून आलेल्या जीपमध्ये बसून नऊ जण पोचतात. कुणाला खरचटलंय, कुणाचं मनगट मोडलंय, सगळे घाबरलेले आहेत. अपघात कक्षातल्या चारही खाटा पाच मिनिटांत भरतात आणि डॉक्टर टाके घालायला बसतात. वीस मिनिटांनी १०८ ची गाडी येते. तिच्यात छाती दबलेला तरुण आहे आणि मांडीतून रक्त वाहणारी बाई आहे. त्यांच्यासाठी खाट नाही, डॉक्टरांचे हात मोकळे नाहीत. कुणीही कामचुकारपणा केलेला नसताना हे घडतं.

म्हणून रुग्णांची वर्गवारी, म्हणजे ट्रायाज, अपघात कक्षात होता कामा नये. ती पोर्चमध्ये, दिव्याखाली व्हावी आणि कुणालाही तिला वळसा घालून आत जाता येऊ नये. अपघात कक्ष लाल रुग्णांसाठी रिकामा ठेवायचा. पिवळे वॉर्डाच्या व्हरांड्यात, हिरवे बाह्यरुग्ण विभागाच्या शेडमध्ये. मृतांसाठी नातेवाइकांच्या नजरेआडची बंद होणारी खोली आधीच ठरवून ठेवावी.

आता मुख्य प्रश्न. दारात कोण उभं राहणार? मोठ्या रुग्णालयांच्या आराखड्यात तिथे अनुभवी शल्यचिकित्सक असतो. आपण तोच मजकूर उतरवून घेतो आणि एकुलता एक डॉक्टर पोर्चमध्ये अडकवतो. आमचं स्पष्ट मत असं, की जिथे रात्री एकच डॉक्टर आहे तिथे वर्गवारी ज्येष्ठ सिस्टरने करावी आणि डॉक्टरांनी लाल कक्ष सोडू नये. ‘स्टार्ट’ ही पद्धत १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यूपोर्ट बीच इथे तिथल्या अग्निशमन दलाने आणि रुग्णालयाने मिळून तयार केली, ती डॉक्टर नसलेल्या जवानांना वापरता यावी म्हणूनच. एका रुग्णाला मिनिटभरही लागत नाही.

जो चालतो तो हिरवा. जो चालत नाही त्याचा श्वास पाहायचा. श्वास नसेल तर हनुवटी उचलून श्वासमार्ग मोकळा करायचा. तरीही आला नाही तर काळा, आला तर लाल. श्वास मिनिटाला ३० पेक्षा जास्त असेल तर लाल. मनगटाची नाडी लागत नसेल तर लाल. साधी सूचना पाळता येत नसेल तरीही लाल. उरलेले पिवळे. मुलांचे आकडे वेगळे असतात, त्यांचं कार्ड वेगळं हवं. सिस्टरने श्वासमार्ग मोकळा करावा आणि वाहतं रक्त दाबून थांबवावं, याखेरीज कोणताही उपचार करू नये. एका सलाईनसाठी ती वाकली की दार उघडं पडलं.

‘सूचना पाळता येते का’ ही पायरी किनवट भागात फसवते. गोंडी, कोलामी, तेलुगू किंवा बंजारा बोलणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला घाबरलेल्या अवस्थेत ‘माझा हात दाबा’ हे मराठीतून सांगितलं आणि त्याला ते कळलं नाही, तर तो विनाकारण लाल ठरतो. सूचना हाताने करून दाखवावी. हे एक वाक्य स्थानिक भाषांमध्ये कार्डावर लिहून ठेवावं, आणि ते आपल्याच कर्मचाऱ्यांकडून म्हणवून घ्यावं.

हिरव्यांना विसरणं ही दुसरी चूक. पोटाला मार लागून प्लीहा फाटलेला माणूस सुरुवातीला चालत येऊ शकतो. शेडमध्ये कक्षसेवकाला घड्याळ देऊन बसवा. दर पंधरा मिनिटांनी त्याने प्रत्येकाला उभं करून पाहावं. जो आता उठत नाही, ज्याला दरदरून घाम फुटलाय किंवा ज्याचं पोट दुखायला लागलंय, त्याला परत सिस्टरपुढे न्यावं.

ओळखीचं काम क्रमांकावर चालतं, कारण नावं नंतर कळतात. १ ते ५० क्रमांकांचे, दोरा ओवलेले टॅग पोर्चजवळच्या पेटीत तयार हवेत. २९ सप्टेंबर २०१७ च्या प्रभादेवी पुलावरच्या चेंगराचेंगरीनंतर केईएम रुग्णालयात मृतांच्या कपाळावर क्रमांक लिहिले गेले. गोंधळ टाळून ओळख पटवणं हा त्यामागचा हेतू होता, पण लोकांना ते सहन झालं नाही आणि मोठी टीका झाली. क्रमांक मनगटाला बांधायचा आणि नातेवाइकांना आधी छायाचित्र दाखवायचं, हे शांतपणे आजच ठरवता येतं.

निरोपाच्या साखळीबद्दल थोडक्यात. आराखडा लागू झाल्याचं जाहीर करण्याचा अधिकार हजर असलेल्या ज्येष्ठ सिस्टरलाही लेखी द्या. अधीक्षकांचा फोन लागेपर्यंत थांबू नये. व्हॉट्सॲप गटावरचा निरोप झोपलेल्या माणसाला उठवत नाही, म्हणून प्रत्यक्ष फोनच करायचा. चौकीदाराने तिघांना, त्या तिघांनी पुढच्या तिघा-तिघांना. यादीत व्यक्तींच्या नावांऐवजी पदं हवीत, म्हणजे बदल्यांनी ती निकामी होणार नाही. जिल्हा नियंत्रण कक्षाला १०७७ वर ठिकाण, वाहन, जखमींचा अंदाज आणि मोकळा रस्ता एवढं सांगावं. सीमेलगत १०८ चा फोन पलीकडच्या राज्यातल्या केंद्राला लागू शकतो, तेव्हा सुरुवातीलाच जिल्हा आणि तालुका सांगावा. पहिल्या तासात जितके आले, एकूण साधारण त्याच्या दुप्पट येतील असं धरून माणसं बोलवावीत.

शेवटची गोष्ट संदर्भसेवेची. नांदेडच्या विष्णुपुरीतलं शासकीय रुग्णालय किनवटहून तीन तासांवर. रक्तस्राव रोखणारं ट्रॅनेक्झॅमिक ॲसिड इजा झाल्यापासून तीन तासांच्या आतच द्यायला हवं, त्यानंतर ते अपायकारक ठरू शकतं, हे क्रॅश-२ या अभ्यासाच्या २०११ मधल्या विश्लेषणाने दाखवलं आहे. म्हणजे ‘नांदेडला देतील’ असं म्हणून चालणार नाही. मोठ्या रक्तस्रावाच्या रुग्णाला पहिला १ ग्रॅम दहा मिनिटांत इथेच द्यायचा आणि वेळ टॅगवर लिहायची. आदिलाबादचं रिम्स तेलंगणात असलं तरी नांदेडच्या निम्म्याहून कमी अंतरावर आहे. तिथल्या अपघात विभागाशी आजच बोलून ठेवा. सगळे लाल रुग्ण एकाच रुग्णालयाकडे पाठवले तर इथली गर्दी तिथे नेऊन ठेवल्यासारखं होतं.

आमची वाचकांना एकच विनंती. या महिन्यात एका रात्री दहा वाजता, कुणालाही आधी न सांगता, फोनची साखळी चालवून पाहा. कोण किती मिनिटांत पोर्चमध्ये पोचलं ते लिहून आम्हाला कळवा. कुठे साखळी तुटली तेही कळवा. रुग्णालयाचं नाव न घालता आम्ही ते पुढच्या अंकात छापू.