जगज्जेता दुसऱ्या क्रमांकावर का होता?

१८ डिसेंबर २०२२ रोजी लुसैलमध्ये अर्जेंटिनाने फुटबॉलचा विश्वचषक जिंकला. काही दिवसांतच फिफाची नवी क्रमवारी आली, तेव्हा पहिल्या क्रमांकावर ब्राझील होता, तोही उपांत्यपूर्व फेरीत गारद झालेला. ब्राझीलचे गुण १८४०.७७ आणि अर्जेंटिनाचे १८३८.३८. अडीच गुणांच्या आतला हा फरक पाहून अनेकांनी पद्धतच मोडीत काढायला हवी असे म्हटले. आपल्यासारख्या मानांकनाचे काम करणाऱ्यांनी मात्र हा फरक नेमका कुठून आला ते मोजून पाहावे. त्यातून या पद्धतीचे बळही कळते आणि तिचा खरा दोषही.

फिफाने ही पद्धत २०१८च्या विश्वचषकानंतर लागू केली. त्याआधी चार वर्षांच्या गुणांची सरासरी काढली जाई. मैत्रीपूर्ण सामन्याचे वजन इतके कमी असे की तो जिंकूनही सरासरी घसरू शकत असे. पोलंडने २०१८च्या सोडतीआधी मैत्रीपूर्ण सामने जवळपास टाळले आणि मानांकित आठ संघांत जागा मिळवली. न खेळण्यात फायदा असणारी ही व्यवस्था बदलणे भाग होते. मग फिफाने आधार घेतला तो अर्पाद एलो यांच्या पद्धतीचा. एलो हे हंगेरीत जन्मलेले, अमेरिकेत भौतिकशास्त्र शिकवणारे प्राध्यापक. त्यांची पद्धत बुद्धिबळात अमेरिकी महासंघाने १९६० मध्ये आणि फिडेने १९७० मध्ये स्वीकारली होती. फिफाने तिचे सूत्र असे ठेवले:

```
We = 1 / (10^(-dr/600) + 1)
P  = Pbefore + I * (W - We)
```

`dr` म्हणजे सामन्याआधी दोन संघांच्या गुणांतला फरक, `We` म्हणजे त्या फरकावरून अपेक्षित निकाल आणि `W` म्हणजे प्रत्यक्ष निकाल: विजयाला १, बरोबरीला ०.५, पराभवाला ०. `I` हे सामन्याचे वजन. मैत्रीपूर्ण सामन्याला ते ५ किंवा १०, विश्वचषकाच्या सुरुवातीच्या फेऱ्यांना ५० आणि उपांत्यपूर्व फेरीपासून ६०.

अर्जेंटिनाचा पहिला सामना सौदी अरेबियाशी होता. ऑक्टोबरच्या यादीत अर्जेंटिनाचे १७७३.८८ आणि सौदीचे १४३७.७८ गुण होते. ३३६ गुणांच्या या फरकावरून अर्जेंटिनाचा अपेक्षित निकाल ०.७८ येतो. सामना २-१ असा सौदीने जिंकला, म्हणून अर्जेंटिनाच्या खात्यातून ५० गुणिले ०.७८, म्हणजे सुमारे ३९ गुण वजा झाले आणि तेवढेच सौदीच्या खात्यात जमा झाले. ०.७८ म्हणजे ‘७८ टक्के विजयाची शक्यता’ असे मात्र वाचू नये. त्यात बरोबरीचा अर्धा वाटाही मिसळलेला आहे. विजय, बरोबरी आणि पराभव यांच्या वेगळ्या शक्यता हव्या असतील तर बरोबरीचे स्वतंत्र प्रतिमान बसवावे लागते. एलोचे सूत्र ते देत नाही.

एका संघाचे जाते ते दुसऱ्याला मिळते, हा एलोचा पाया आहे. गुण हे संघाचे बक्षीस नाहीत, तो पुढच्या निकालाविषयीचा अंदाज आहे. अंदाज चुकला की जितका चुकला त्या प्रमाणात तो दोन्ही बाजूंना सुधारायचा. बाद फेरीत फिफाने हा पाया दोन ठिकाणी सोडला आहे.

पहिली जागा पेनल्टी शूटआउटची. शूटआउट जिंकणाऱ्याला ०.७५ आणि हरणाऱ्याला ०.५ मिळतात. दोन्हींची बेरीज १.२५ होते. अर्जेंटिनाने नेदरलँड्सला (२-२ नंतर) आणि अंतिम सामन्यात फ्रान्सला (३-३ नंतर) शूटआउटमध्येच हरवले. हे पूर्ण विजय मानले असते तर प्रत्येकी ६० गुणिले ०.२५, म्हणजे १५ गुण जास्त मिळाले असते आणि अर्जेंटिना आरामात पहिला आला असता. दुसरी जागा अशी की मुख्य स्पर्धांच्या बाद फेरीत कोणाचेही गुण कमी होत नाहीत. ब्राझील क्रोएशियाशी १-१ बरोबरीनंतर शूटआउटमध्ये हरला. माझ्या हिशेबाने त्याचा अपेक्षित निकाल ०.६५ च्या आसपास होता, म्हणजे सुमारे नऊ गुण जायला हवे होते. एकही गेला नाही. ते नऊ गुण गेले असते तर अर्जेंटिनाच पहिला होता.

आता दोन्ही सवलती काढून, १२० मिनिटांत बरोबरी ती बरोबरीच मानून हिशेब केला तर काय होते? अर्जेंटिनाचे दोन शूटआउटमधले सुमारे ३० गुण जातात, ब्राझीलचे नऊ. ब्राझील पहिलाच राहतो आणि अंतर वीस गुणांच्या आसपास जाते. म्हणजे ताकदीचा अंदाज म्हणून ब्राझीलला वर ठेवणे चूक नव्हते. तो विश्वचषक सात सामन्यांचा होता, मानांकनात वर्षानुवर्षांचे सामने मुरलेले असतात. जगज्जेता दुसरा आला म्हणून पद्धत खोटी ठरत नाही.

दोष वेगळ्या जागी आहे. बाद फेरीत जिंकणाऱ्याला मिळालेले गुण कोणाकडूनच वजा होत नाहीत. प्रत्येक मोठ्या स्पर्धेत असे नवे गुण व्यवस्थेत शिरतात आणि तेही बाद फेरी गाठणाऱ्या संघांच्याच पदरात पडतात. परिणामी २०१८चे १८०० आणि आजचे १८०० यांचा अर्थ एक राहत नाही. शिवाय बाद फेरीत लवकर गळालेल्या बलाढ्य संघाविषयीचा चुकलेला अंदाज तसाच राहतो. क्रमवारीवरून पुढच्या सोडतीत मानांकित संघ ठरतात, त्यामुळे ही चूक नुसती कागदावर राहत नाही.

असे दोष आपल्या मानांकनात आहेत का, हे तपासायला दोन चाचण्या पुरतात. पहिली: वर्षाअखेर सर्व गुणांची बेरीज करा. नवा संघ आला नसताना ती वाढली असेल, तर कोणत्या नियमाने वाढवली ते शोधा. दुसरी: प्रत्येक सामन्याआधीचा `We` जपून ठेवा. पुरेसे सामने झाले की ०.७० ते ०.८० अपेक्षा असलेले सामने एकत्र घ्या आणि प्रत्यक्ष `W` ची सरासरी पाहा. ती ०.७५ च्या जवळ असायला हवी. मग तेच सामने यजमान आणि पाहुणा असे वेगळे करा. यजमानांची सरासरी सातत्याने वर आणि पाहुण्यांची खाली दिसली, तर घरच्या मैदानाचा फायदा सूत्रात आलेलाच नाही. फिफाच्या सूत्रात तो नाही. बॉब रनियन यांनी १९९७ मध्ये सुरू केलेल्या राष्ट्रीय संघांच्या एलो मानांकनात यजमानाला `dr` मध्ये १०० गुण धरले जातात, शिवाय गोलफरकाप्रमाणे वजनही वाढते.

आपल्याकडे कबड्डी किंवा खो-खो संघांसाठी मानांकन बसवताना आयोजकांकडून हमखास मागणी येईल की विजेत्याला थोडे जास्त द्या आणि अंतिम फेरीत हरलेल्याचे कमी करू नका. मागणी रास्त आहे, पण तिची जागा दुसरी आहे. गौरवासाठी स्पर्धेच्या गुणांची स्वतंत्र यादी करावी आणि ती तशीच जाहीर करावी. अंदाजाच्या यादीत मात्र हरलेला प्रत्येक सामना वजा झालाच पाहिजे. तसे झाले नाही, तर पुढच्या हंगामाची सोडत आपण गेल्या हंगामाच्या कौतुकावर काढत असू.