वेण्णा तलावावरचे हिमकण आणि तिसरीतल्या पोरीचे बूट

दरवर्षी डिसेंबर-जानेवारीत मी एक बातमी लिहितो. "महाबळेश्वर गारठले, वेण्णा तलाव परिसरात हिमकण." सोबत जीपच्या टपावर नाहीतर बोटीच्या जेट्टीवर साचलेल्या पांढऱ्या थराचा फोटो. बातमी छापून येते, पुण्या-मुंबईचे फोन सुरू होतात, लॉजवाले खूश. इतकी वर्षं हे करतोय आणि खरं सांगायचं तर त्यात मला कधी काही खटकलं नाही.

यंदा खटकलं. त्याच सकाळी, त्याच रस्त्याने, शाळेला निघालेल्या पोरांचे पाय बघितले म्हणून.

आधी एक गोष्ट समजून घ्या. आपण बातमीत जो पारा छापतो तो जमिनीपासून साधारण चार-पाच फूट उंचीवर, सावलीत ठेवलेल्या तापमापकाचा असतो. आभाळ निरभ्र आणि वारा पडलेला असेल तर त्या रात्री जमीन आणि गवत त्या आकड्यापेक्षा कितीतरी जास्त गार होतं. म्हणून तर पारा पाच-सहा अंशांवर असतानाही गवतावरचं दहिवर गोठतं. आता सांगा, पोराचं डोकं चार फुटांवर असतं, पण पाय कुठे असतात? वाड्या-वस्त्यांवरची पोरं स्ट्रॉबेरीच्या वाफ्यांच्या कडेने, गवतातून, दीड-दोन किलोमीटर चालत येतात. शाळेच्या फाटकात पोचेपर्यंत बुटाचा चवडा ओला झालेला असतो. मग दुपारपर्यंत फरशीवर बसायचं, त्याच ओल्या बुटांत. बूट बाहेर काढून बसवणाऱ्या शाळा असतील तर ओल्या मोज्यांवर.

अशीच एक तिसरीतली पोर. नाव लिहीत नाही, शाळाही सांगत नाही, कारण ही एका शाळेची गोष्ट नाही. तिच्या पायांची बोटं लाल, सुजलेली, खाजत होती. आई म्हणाली, "चिखल्या झाल्यात, मलम लावतेय." चिखल्या पावसाळ्यात बोटांच्या बेचक्यात होतात. हे बोटांच्या टोकांना आणि कडेला होतं, चुलीजवळ बसलं की खाज वाढते. हे थंडीचं दुखणं आहे, ओल आणि गारठा एकत्र लागल्याचं. त्याला बर्फ लागत नाही, आपल्याकडची थंडी पुरते. त्यावर बुरशीचं मलम चोळून काय होणार? (जखम झाली, फोड आला तर मात्र डॉक्टरकडेच जा. आणि गार पाय एकदम शेकू नका.)

मी त्या पोरीचा पाय मोजला. कागदावर टाच भिंतीला लावून उभं केलं, सर्वात लांब बोटाशी खूण केली. 19.9 सेंटिमीटर. मग बुटातला पतावा बाहेर काढून मोजला. 20.3. बुटावर नंबर 12. म्हणजे जागा किती उरली? 4 मिलिमीटर. त्यात तिच्या आजीने विणलेला लोकरीचा मोजा घातला की ती जागाही गेली. बोटं पुढे टेकलेली, वरून दाबलेली.

आणि इथेच आपलं सगळ्यांचं गणित चुकतं. आपल्याला वाटतं पाय गार पडतात कारण मोजा पातळ आहे. म्हणून आई एकावर एक दोन मोजे चढवते. मोजा ऊब तयार करत नाही हो, तो हवा धरून ठेवतो. ती हवाच पाय गरम ठेवते. घट्ट बुटात दोन मोजे कोंबले की हवा निघून जाते, वर पायाचं रक्त नीट फिरत नाही, आणि दोन मोज्यांतला पाय एका मोज्यातल्या पायापेक्षा गार पडतो. बोटं हलवता आली पाहिजेत, ही पहिली परीक्षा. शाळेतून आल्यावर बूट काढून बघा. बोटांची टोकं लाल असतील, मोज्यावर नखाच्या जागी भोक पडत असेल, पोरगं बोटं आत वळवून चालत असेल, तर बूट लहान झालाय. "चावत नाही" असं पोर म्हणालं तरी विश्वास ठेवू नका. नवा बूट मिळण्याच्या आनंदात पोरं काहीही म्हणतात, आणि गार पडलेल्या पायाला तसंही फार कळत नाही.

मग किती जागा हवी? मोजा घातलेल्या पायापुढे साधारण 12 मिलिमीटर. सहा ते दहा वर्षांच्या पोराचा पाय वर्षाला जवळजवळ एक सेंटिमीटर वाढतो, आणि एका नंबराचा फरक असतो साधारण साडेआठ मिलिमीटर. म्हणजे वर्षाला एक नंबर. त्या पोरीला 13 नंबर हवा होता. तिला 12 का मिळाला? कारण यादी इयत्तेप्रमाणे झाली होती. "तिसरी, मुली, 12 नंबर, इतके जोड." पोरीचा पाय कुणी बघितलाच नाही.

शासनाची योजना वाईट आहे असं मी म्हणत नाही. 2023 साली पहिली ते आठवीच्या सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतल्या पोरांना एक जोड बूट आणि दोन जोड पायमोजे द्यायचं ठरलं, चांगलं झालं. पण तेव्हा ठरलेला दर होता विद्यार्थ्यामागे 170 रुपये. बूट आणि दोन जोड मोजे, मिळून 170! एवढ्यात जे येतं ते सगळ्यांनी बघितलंय. कडक रेक्झिन, चिकटवलेला सोल आणि नायलॉनचा पातळ मोजा. आणि नागपूरच्या पोराला जो बूट, तोच महाबळेश्वरच्या पोराला. पावसाळ्यात वाटला तर इथे चार महिन्यांच्या धो धो पावसात त्याचा जीव जातो. थंडी सुरू होते तेव्हा सोल सुटलेला आणि पाय वाढलेला.

यात शिक्षकांना झोडपायचं नाही. पण एका गोष्टीचा मला राग आहे तो लिहितोच. त्याच पोरीला लाल लोकरीचे मोजे घातले म्हणून परिपाठात उभं केलं होतं. गणवेशात पांढरे मोजे आहेत ना! अहो, दहिवर गोठणाऱ्या सकाळी मोज्याचा रंग बघायचा की पाय? सुती पांढरा मोजा ओला झाला की दिवसभर ओलाच राहतो. लोकर दमट झाली तरी थोडी ऊब देते. लोकर परवडत नसेल तर बाजारात मिळणारा लोकरीसारखा ॲक्रिलिकचा मोजा घ्या, तो स्वस्त असतो आणि लवकर वाळतो. एकच जाड मोजा, दोन नव्हे. वरचं इलॅस्टिक पोटरीवर खोल वळ उमटवत असेल तर ते थोडं उसवून सैल करा.

आता बूट वाळवायचा प्रश्न. हा मला सगळ्यात मोठा वाटतो, कारण आपल्याकडे ऊन असतं तेव्हा बूट शाळेत पोराच्या पायात असतो. वाळवायला मिळते ती फक्त रात्र. आणि रात्री आपण काय करतो? एकतर ओट्यावर ठेवतो, तिथे दव पडून तो आणखी ओला होतो. नाहीतर चुलीला, शेगडीला टेकवतो. बाहेरून कडक वाळल्यासारखा वाटतो, पण आतला स्पंज ओलाच. वर रेक्झिनला भेगा आणि सोलचा डिंक सुटतो. दोन आठवड्यांत बूट हसायला लागतो.

योग्य पद्धत अशी. पोर घरी आलं की लगेच नाड्या पूर्ण सोडा, जीभ बाहेर ओढा, पतावा काढून वेगळा उभा करा. जुन्या वर्तमानपत्राचे चुरगाळलेले बोळे चवड्यापर्यंत सारा, पण ठासून नको. तासाभराने हात लावून बघा, बोळे दमट झाले असतील तर बदला. झोपताना तिसऱ्यांदा बदला. बूट आडवा ठेवा, म्हणजे तळाखालूनही हवा लागेल. जागा घरातच, चुलीपासून हातभर लांब, जिथे हवा हलते. गुळगुळीत रंगीत पुरवणी वापरू नका, ती पाणी पीत नाही. साधा पातळ कागदच हवा. (आमच्या धंद्याचा एवढा तरी उपयोग व्हावा. शिळा अंक तर शिळा अंक.) मोजे पिळून कोरड्या टॉवेलात गुंडाळून दाबा आणि मग दोरीवर टाका, निम्मं काम तिथेच होतं. सकाळी पतावा गालाला लावून बघा. गार लागला तर अजून ओला आहे. अशा दिवशी पतावा घालूच नका, त्याच्या जागी पुठ्ठा कापून घाला, आणि एक कोरडा मोजा दप्तरात द्या. शाळेत पोचल्यावर मोजे बदलले की निम्मी लढाई जिंकली.

बाजारात पोराला नेता येत नसेल, स्ट्रॉबेरीच्या हंगामात कुणाला वेळ असतो, तर झाडूची एक हिरकाडी घ्या. संध्याकाळी, कारण पाय तेव्हा थोडा फुगलेला असतो, पोराला मोजा घालून उभं करा. मोठा पाय मोजा, दोन्ही सारखे नसतात. त्या लांबीत 12 मिलिमीटर मिळवून काडी कापा. दुकानात काडी बुटात आडवी घालून बघा. वाकली नाही तर बूट घ्या. दुकानदार नंबर सांगेल, तिकडे लक्ष देऊ नका, प्रत्येक कंपनीचा 12 वेगळा असतो. आणि "दोन वर्षं जाईल" म्हणून दोन नंबर मोठा घेऊन पुढे कापूस कोंबू नका. टाच सुटते, फोड येतात, आणि तो कापूस रोज ओला होतो.

मागणी काय? मोठी नाही. बूट खरेदी करायचं काम शाळा व्यवस्थापन समितीकडे आहे, आणि समितीत पालक आहेत. म्हणजे तुम्ही आहात. पुढच्या बैठकीत तीन ठराव मांडा. एक, यादी इयत्तेने नाही, मोजलेल्या पायाने. दोन, दिवाळीनंतर प्रत्येक पोराचा पाय पुन्हा मोजायचा, लहान झालेले बूट धाकट्यांना द्यायचे आणि उरलेल्यांसाठी गावातून, बाजारपेठेतून पैसे उभे करायचे. हिमकणांवर धंदा करणाऱ्यांनी एवढं द्यायला हरकत नसावी. तीन, डिसेंबर ते फेब्रुवारी कुठल्याही रंगाचा लोकरी मोजा चालेल, आणि ही ओळ सूचना फलकावर लावायची.

दर पण वाढला पाहिजे, त्यासाठी मी लिहीत राहीन. पण पाय मोजायला शासन निर्णय लागत नाही.

त्या पोरीला 13 नंबर मिळाला, वाईच्या बाजारातून, तिच्या मामाने आणला. बोटांची सूज दोन आठवड्यांत उतरली. लाल मोजे तेच आहेत. अजून कुणी काही बोललेलं नाही.

तुमच्या शाळेत बूट कसे वाटले, माप घेतलं का, मला मेसेज करून सांगा. नाव छापणार नाही.