जेसीबी भाड्याने देताय? रेट नंतर बोला, आधी ‘उभ्या तासाचं’ ठरवा



जेसीबी घेऊन रोजाने भाड्याने द्यायचा विचार करणारे बरेच जण मला एकच प्रश्न विचारतात, “सर, तासाला काय रेट लावू?” माझं मत स्पष्ट आहे. रेट बाजार ठरवतो. तुमचा धंदा टिकणार की नाही हे ठरतं मशीन उभं राहिलं त्या तासावर, आणि त्याबद्दल करारात एक ओळही नसते.

माझ्या हार्डवेअरच्या दुकानाच्या काउंटरवरच झालेलं भांडण सांगतो. रेट ठरला होता तासाला १,२०० रुपये, ऑपरेटर आणि डिझेल मालकाचं, दिवस ८ तासांचा. पायाची खोदाई होती. दुसऱ्या दिवशी लाइनआउटच झालं नव्हतं, म्हणून मशीन थांबलं. मीटर सकाळी १४५२.६ होतं, संध्याकाळी १४५५.८. म्हणजे ३.२ तास. (लक्षात ठेवा, मीटरवरचा .२ म्हणजे २० मिनिटं नाही, १२ मिनिटं.) कंत्राटदार म्हणाला, “मीटरप्रमाणे ३,८४० घे.” मालक म्हणाला, “मी दिवसभर मशीन दिलंय, ९,६०० पाहिजेत.”

कोण बरोबर? माझ्या मते दोघंही चूक.

मालकाचा हिशोब बघा. हप्ता महिन्याला ४५,००० आणि कामाचे दिवस २५, म्हणजे दिवसाला १,८००. ऑपरेटरचा रोज १,०००. मशीन चालो न चालो, हे २,८०० जाणारच. डिझेल तासाला ५ लिटर, ९२ रुपयांनी धरलं तर ४६० रुपये. ३,८४० मधून ३.२ तासांचं डिझेल, १,४७२ रुपये, वजा केलं की हातात राहतात २,३६८. म्हणजे मशीन देऊनही ४३२ रुपये घरचे गेले. आणि पूर्ण ९,६०० मागितले, तर न जळलेल्या डिझेलचे २,२०८ रुपये तुम्ही समोरच्याकडून उकळताय.

म्हणून उभ्या तासाचा रेट काढायचा सोपा नियम: तासाचा रेट वजा वाचलेलं डिझेल. इथे १,२०० वजा ४६०, म्हणजे ७४०. उभे तास ४.८, त्याचे ३,५५२. चाललेल्या तासांचे ३,८४० मिळवले की ७,३९२ होतात. यावर दोघांनाही भांडायला जागा राहत नाही.

पण हा रेट प्रत्येक वेळी लागत नाही. मशीन कशामुळे थांबलं ते करारात वेगळं लिहा. लाइनआउट नाही, डंपर आला नाही, शेजाऱ्याने काम अडवलं, तर उभा तास पार्टीच्या खात्यात. होज फुटला, ऑपरेटर आला नाही, तर तुमच्या खात्यात, एक रुपयाही मागायचा नाही. पाऊस आला तर दोघांचाही दोष नाही, तिथे अर्धा रेट असं आधीच ठरवून टाका.

आता डिझेलचं. काही जण “डिझेल पार्टीचं” म्हणून रेट कमी लावतात आणि निश्चिंत होतात. इथे उलटा घोळ होतो. ऑपरेटर सावलीत बसतो आणि इंजिन चालूच ठेवतो. खोदाई शून्य, पण मीटर पळतो, कारण मीटर इंजिनचे तास मोजतो, कामाचे नाही. पार्टी एकदा फसते, परत बोलावत नाही. म्हणून लिहा: टाकी फुल करून द्यायची, फुल करून घ्यायची, आणि थांबल्यावर इंजिन बंद.

वाहतुकीचं एकच वाक्य पुरतं, पण ते हवंच. जेसीबी स्वतःच्या चाकांवर येतो, म्हणजे रस्त्यावरही मीटर आणि डिझेल चालतं. २५ किलोमीटरची साइट असेल तर जाऊन-येऊन दीड-दोन तास सहज जातात. त्यामुळे जाण्या-येण्याचे ठोक पैसे वेगळे आणि कामाचा मीटर साइटवर पोचल्यापासून, असं लिहा. पोकलेन असेल तर तो ट्रेलरवर येतो. ट्रेलर निघाल्यावर काम रद्द झालं तर दोन्ही फेऱ्यांचं भाडं कोणाचं, तेही लिहा.

हे सगळं टिकतं ते रोजच्या लॉगशीटवर. सुरुवातीचा मीटर, शेवटचा मीटर, किती ते किती उभं, कारण, आणि साइट सुपरवायझरची सही. सही त्याच संध्याकाळी घ्यायची. आठवड्याने कोणालाच काही आठवत नाही.

तुम्ही म्हणाल, एका दिवसाच्या कामाला कोण करारावर सही करतं? खरंय. तेव्हा ऑपरेटर, डिझेल, उभा तास, वाहतूक या चार ओळी व्हॉट्सॲपवर पाठवा आणि समोरून “ओके” आल्याशिवाय मशीन हलवू नका. त्या चार ओळींवर कुरकुर करणारी पार्टी बिलाच्या वेळीही कुरकुर करणारच. ते काम मी तरी सोडून देईन.