स्मार्ट मीटरचा ग्राफ : सर्वात उंच खांब कमी करायचा की हलवायचा?

टीओडी स्मार्ट मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकांना १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते सायंकाळी ५ या वेळेतल्या वापरावर प्रतियुनिट ८० पैसे सवलत महावितरणने जाहीर केली होती. ही सवलत २०३० पर्यंत टप्प्याटप्प्याने १ रुपयावर जाणार, असे तेव्हा सांगण्यात आले होते. तेव्हापासून ॲपवरच्या ताशी वापराच्या ग्राफचे स्क्रीनशॉट गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फिरू लागले आहेत. मात्र हा ग्राफ वाचताना अनेकांची एक चूक होते. सर्वात उंच खांब दिसला की तेच काम दुपारी ढकलायचे, असा अर्थ काढला जातो.

पाच माणसांच्या एका घराचे उदाहरण घेऊ. दिवसभराचा वापर पावणेनऊ युनिटच्या आसपास आहे. मध्यरात्रीपासून पहाटेपर्यंत खांब ०.२ युनिटवर सपाट आहेत. हा फ्रिज आणि दोन पंख्यांचा वापर, म्हणजे घराचा पाया. त्याच्या वर जे दिसते ते कुणीतरी बटण दाबल्यामुळे आलेले असते. सकाळी ६ ते ७ चा खांब १.४ युनिट आहे, तो गिझरचा. ७ ते ८ मध्ये १ युनिट, कारण हौदातले पाणी वरच्या टाकीत चढवायला एक एचपीची मोटर तासभर चालते. रात्री ८ ते ९ ला १.२ युनिट, कारण त्या दिवशी घरघंटीवर दळण होते. सकाळी ९ ते ५ मध्ये मात्र जेमतेम दीड युनिट.

इथे एक लक्षात ठेवायचे. खांब हा त्या तासातला एकूण वापर दाखवतो, उपकरणाची ताकद नाही. दोन किलोवॉटचा गिझर २० मिनिटे चालला तर खांबात पाऊणपेक्षाही कमी युनिट दिसतात. शिवाय ‘७’ लिहिलेला खांब ६ ते ७ चा की ७ ते ८ चा, हे आधी पडताळावे. एखाद्या दिवशी दुपारी १ ते २ या वेळेतच इस्त्री करावी आणि दुसऱ्या दिवशी खांब कुठे वाढला ते पाहावे. फ्रिज चालू असतानाही खांब शून्य दिसला तर एक तर लाईट गेली होती, किंवा मीटरचा डेटा पोहोचला नाही. म्हणून एका दिवसाच्या फोटोवर न जाता आठवडाभराचे ग्राफ शेजारी शेजारी ठेवून पाहावेत.

आता हलवायचे काय? गिझर सर्वात उंच, पण आंघोळ दुपारी होत नाही. मोटर मात्र हलते. सकाळी १० ला चालवली की महिन्याला साधारण २२ युनिट सवलतीत येतात. आठवड्यातून दोनदा होणारे दळण दुपारी केले तर आणखी ६ युनिट. एकूण २८ युनिट, म्हणजे ८० पैशांप्रमाणे २२ रुपयांच्या आसपास.

रक्कम छोटी आहे, हे स्पष्ट सांगायला हवे. काम हलवल्याने एकूण युनिट तेवढेच राहतात, त्यामुळे बिलाचा स्लॅबही बदलत नाही. याउलट गिझरची रोजची १० मिनिटे कमी केली, तर महिन्याला १० युनिट वापरातूनच जातात. त्या युनिटचा पूर्ण दर वाचतो, जो ८० पैशांच्या कितीतरी पट आहे. म्हणून उंच खांब कमी करायचा आणि हलणारा खांब हलवायचा, ही दोन वेगळी कामे आहेत.

मोटर हलवण्याचा आणखी एक फायदा आहे, जो बिलावर दिसत नाही. सकाळी सगळ्या आळीच्या मोटरी आणि गिझर एकाच वेळी सुरू झाले की डीपीवर लोड येतो आणि व्होल्टेज पडते. पडलेल्या व्होल्टेजवर मोटर जास्त करंट ओढते, तापते आणि वाइंडिंग जळण्याची भीती राहते. वाइंडिंगचा एक खर्च वर्षानुवर्षांची सवलत गिळून टाकतो.

अडचण अशी की दिवसा घरी कोण असते? सगळेच मजुरीला किंवा शेतात जात असतील, तर टायमर लावून मोटर सोडणे धोक्याचे आहे. टाकी भरल्यावर बंद करणारा फ्लोट स्विच आणि हौद रिकामा झाल्यावर मोटर थांबवणारी सोय असेल तरच ते करावे. नाहीतर सुट्टीच्या दिवशी दळण आणि इस्त्री दुपारी उरकणे एवढेच पुरे.

शेतीपंपाचे कनेक्शन वेगळे असते. घरच्या मीटरच्या ग्राफवरून त्याचा हिशेब लावू नये. बदल केल्यानंतर पुढच्या बिलात टीओडी सवलतीची रक्कम वाढली का, हे मात्र जरूर पाहावे. ती वाढली नसेल तर ग्राफ आणि बिल दोन्ही घेऊन शाखा कार्यालयात विचारणा करता येते.