परिपत्रक निघाले, पण शस्त्रक्रिया कमी झाल्या का?

दसरा-दिवाळीच्या सुमारास पाटोदा तालुक्यातल्या अनेक वाड्या-वस्त्यांवर घरांना कुलपे लागतात. नवरा-बायकोचा ‘कोयता’ उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला जातो आणि मार्च-एप्रिलनंतरच परततो. आरोग्याच्या कोणत्याही उपायाची एक महिन्याने उजळणी करायची तर इथे पहिली अडचण हीच असते. उपाय ठरतो तेव्हा माणसे गावात असतात आणि महिन्याने तपासणी होते तेव्हा ती दोन-तीनशे किलोमीटर दूर फडात असतात.

ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांबाबत बीड जिल्ह्यात २०१९ पासून जे घडले, ते या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. त्या वर्षी विधिमंडळात माहिती देण्यात आली, की आधीच्या तीन वर्षांत जिल्ह्यातील ९९ खासगी रुग्णालयांत गर्भाशय काढण्याच्या ४,६०५ शस्त्रक्रिया झाल्या. त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या सर्वेक्षणात १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे साधारण सहा जणींमागे एक. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगी रुग्णालयांनी ही शस्त्रक्रिया करू नये, असा आदेशही निघाला. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राची यासंबंधीची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत लागू करण्यास सर्व राज्यांना सांगितले.

अशा आदेशानंतर महिनाभराने जो पाठपुरावा अहवाल तयार होतो, त्यात प्रत्येक उपायापुढे ‘पूर्ण’, ‘प्रलंबित’ किंवा ‘रद्द’ असा शेरा असतो. परवानगीच्या उपायापुढे ‘पूर्ण’ लिहिणे सर्वांत सोपे असते. परिपत्रक निघाले, रुग्णालयांना पोहोचले, पोचपावती फाइलला लागली. पण इथे पूर्ण झाले ते पत्र पाठवण्याचे काम. स्त्रीच्या पोटावरची अनावश्यक शस्त्रक्रिया टळली की नाही, हे त्या पोचपावतीवरून कळत नाही.

ते कळायचे तर आधी आकड्यांतला एक फरक ध्यानात घ्यावा लागतो. १३,८६१ हा साठलेला आकडा आहे. त्यात वीस वर्षांपूर्वीची शस्त्रक्रियाही आली आणि गेल्या महिन्यातलीही. काढलेले गर्भाशय परत येत नाही, म्हणून उपाय कितीही चांगला असला तरी हा आकडा महिनाभरात घटणार नाही. त्याउलट ४,६०५ हा तीन वर्षांत नव्याने पडलेल्या भरीचा आकडा आहे, म्हणजे महिन्याला सरासरी १२८. महिन्याच्या अहवालाची तुलना याच्याशी व्हायला हवी. अलीकडे ऊसतोड महिलांच्या तपासणीत ८४३ जणींचे गर्भाशय काढलेले आढळल्याची बातमी आली, तेव्हाही पहिला प्रश्न हाच होता, की यातल्या किती शस्त्रक्रिया २०१९ च्या आदेशानंतरच्या? प्रत्येकीच्या नावापुढे शस्त्रक्रियेचे वर्ष आणि रुग्णालय लिहिले नसेल, तर त्या आकड्यावरून आदेश फसला असेही म्हणता येत नाही आणि यशस्वी झाला असेही नाही.

समजा, एखाद्या महिन्याच्या अहवालात साठ अर्ज आले आणि साठही मंजूर झाले, अशी नोंद आहे. वरवर पाहता १२८ वरून साठ म्हणजे मोठी घट. पण एकही अर्ज नाकारला गेला नसेल, तर तिथे छाननी झाली की नुसता शिक्का उमटला, हे पाहावे लागते. साठ फाइलींपैकी चाळिशीच्या आतल्या बायकांच्या फाइली आधी काढाव्यात. शस्त्रक्रियेचे कारण ‘अंगावरून पांढरे जाणे’ किंवा ‘ओटीपोटात दुखणे’ एवढेच लिहिले असेल, तर ते पुरेसे नाही. या तक्रारी बहुतेक वेळा जंतुसंसर्गाच्या असतात आणि औषधांनी बऱ्या होतात. पाळीत जास्त रक्त जात असेल, तर आधी गोळ्या किंवा संप्रेरक सोडणारी तांबीसारखी साधने वापरून पाहिली का, सोनोग्राफी आणि गर्भाशयमुखाची तपासणी झाली का, हे फाइलीत दिसायला हवे. ‘पिशवी खराब झाली, कॅन्सर होईल’ ही भीती हे कारण होऊ शकत नाही.

दुसरी पडताळणी रुग्णालयातच करायची. शस्त्रक्रियागृहाच्या नोंदवहीतले आकडे परवानग्यांशी जुळतात का? काढलेले प्रत्येक गर्भाशय पॅथॉलॉजी तपासणीला जायला हवे. परवानग्या साठ, नोंदी ऐंशी आणि पॅथॉलॉजीचे अहवाल तीस, असे चित्र असेल, तर वीस शस्त्रक्रिया परवानगीविना झाल्या आणि पन्नासांचे निदान कधी तपासलेच गेले नाही. तिसरी गोष्ट हद्दीची. पाटोद्याहून नगर जिल्ह्यात उपचाराला जाणे काही अवघड नाही. बीडचा आकडा घटला आणि शेजारच्या जिल्ह्यांत बीडचा पत्ता असलेल्या रुग्ण वाढल्या, तर शस्त्रक्रिया टळल्या नाहीत, फक्त जागा बदलली.

‘प्रलंबित’ या शेऱ्याखाली जे येते, त्याचे कारण बहुधा हद्दच असते. अड्ड्यावर शौचालय, न्हाणी, स्वच्छ पाणी हे उपाय कारखान्याच्या परिसरात करायचे असतात आणि कारखाना दुसऱ्या जिल्ह्यात असतो. बीडचा अधिकारी फार तर पत्र पाठवू शकतो. म्हणून ‘पत्रव्यवहार सुरू’ हा शेरा महिन्यामागून महिने तसाच राहू शकतो आणि तोवर गाळप हंगाम संपतो. अशा ओळीपुढे कारखान्याचे नाव, तिथला जबाबदार अधिकारी आणि हंगामाआधीची तारीख नसेल, तर ती ओळ प्रलंबित म्हणण्याच्याही लायकीची नसते.

सर्वांत कमी बोलले जाते ते सोडून दिलेल्या उपायांबद्दल. ‘रद्द’ असे क्वचितच कुणी लिहिते. पहिल्या तक्त्यातली ओळ दुसऱ्या तक्त्यात दिसत नाही, एवढेच. म्हणून दोन्ही तक्ते शेजारी ठेवून वाचावेत. आणि काही कारणे पहिल्या तक्त्यातही आलेली नसतात. पाळीच्या दिवसांत बाई कामावर आली नाही तर मुकादम ‘खाडा’ धरतो आणि कोयत्याच्या हिशेबातून पैसे कापतो. उचल फेडायची असल्याने पाळीच नको, असे तिला वाटू लागते. खाड्याचा दंड आरोग्य विभागाच्या अखत्यारीत नाही, म्हणून तो आरोग्याच्या तक्त्यात बसत नाही. पण ज्या बाईला औषधे घ्यायला आणि दोन दिवस पडून राहायला परवडत नाही, तिला कायमचा उपाय म्हणून शस्त्रक्रियाच जवळची वाटते.

शस्त्रक्रियेत अंडाशयही काढले, तर तिशी-पस्तिशीतच रजोनिवृत्ती येते. हाडे ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो आणि तरीही कोयता सुटत नाही. तिच्यासाठी महिन्याच्या अहवालातली एकच ओळ कामाची आहे: या महिन्यात चाळिशीच्या आतल्या किती जणींना शस्त्रक्रियेऐवजी औषधोपचार मिळाला, आणि त्या फडात गेल्यावर तो तिथे चालू राहिला का.