फोनचा तराजू आणि त्याचा पासंग

तराजूत पासंग असेल, तर जाणता व्यापारी तराजू फेकून देत नाही. पासंग किती आणि कोणत्या बाजूस, हे पाहून तो वजन करतो. भ्रमणध्वनीवर आवाज मोजणाऱ्या ॲपकडेही याच दृष्टीने पाहावे.

समजा, खाली दुकान व वर घर असे एका कुटुंबाचे बिऱ्हाड आहे. शेजारच्या मिठाईच्या दुकानातील शीतपेटीचा कॉम्प्रेसर वडिलांच्या शयनगृहाच्या खिडकीखाली रात्रभर चालू-बंद होतो आणि वडिलांची झोपमोड होते. शेजाऱ्याशी बोलण्यापूर्वी मुलगा आवाज मोजून पाहतो. रात्री अकरानंतर तो पंखा बंद करतो, फोनचे आवरण काढतो व माइकवर बोट येणार नाही असा फोन उशीच्या उंचीवर ठेवून स्वतः दूर स्तब्ध बसतो. खिडकी उघडी ठेवून, कॉम्प्रेसर चालू असताना व बंद असताना, तो प्रत्येकी तीन वेळा नोंद घेतो.

पडद्यावर अनेक आकडे दिसतात. त्यांतील `Max` हा क्षणिक उच्चांक. रस्त्यावरचा एक हॉर्नही तो चढवतो. उपयोगी आकडा `LAeq`, म्हणजे मोजणीच्या काळातील सरासरी पातळी. त्यातील `A` म्हणजे कानाच्या संवेदनशीलतेनुसार केलेली दुरुस्ती. मुलाला कॉम्प्रेसर चालू असताना 46 आणि बंद असताना 38 डेसिबल मिळाले.

आता 46 मधून 38 वजा करून कॉम्प्रेसरचा आवाज 8 डेसिबल, असा हिशेब करता येत नाही. डेसिबल ही साधी बेरीज-वजाबाकीची मोजपट्टी नव्हे. 40 डेसिबलची दोन यंत्रे एकत्र चालली, तर 80 नव्हे, 43 डेसिबल होतात. त्याच नियमाने येथे केवळ कॉम्प्रेसरचा वाटा सुमारे 45 डेसिबल येतो; म्हणजे खोलीतील आवाजात मुख्य भाग त्याचाच आहे.

खिडकी लावल्यावर आकडे 40 व 36 असे आले. येथे सावध राहावे. फोनच्या माइकला स्वतःचा एक सूक्ष्म आवाज असतो, त्याखाली त्याला ऐकू येत नाही. त्याची परीक्षा सोपी आहे: शांत वेळी फोन कपाटात गोधड्यांच्या घडीत ठेवून मोजणी करावी. मुलाच्या फोनने तेथेही 36 च दाखवले. म्हणजे बंद खिडकीतील 36 हा खोलीचा नव्हे, फोनच्या तळाचा आकडा होता. खोली त्याहून शांत असू शकते. तळाचा वाटा वजा जाता कॉम्प्रेसरचा आवाज सुमारे 38 उरतो, म्हणजे खिडकीने सुमारे 7 डेसिबल अडवले.

फोनचा पासंग प्रत्येक मॉडेलगणिक वेगळा असतो. अमेरिकेतील व्यावसायिक आरोग्य संस्थेचे `NIOSH SLM` हे ॲप प्रयोगशाळेत सुमारे 2 डेसिबलच्या फरकात अचूक ठरले आहे. मात्र ते केवळ आयफोनसाठी आहे. अँड्रॉइड फोनमध्ये माइकची विविधता मोठी असल्याने चूक अधिक असू शकते. परंतु फोन, जागा आणि ॲप तेच ठेवले, तर पासंग दोन्ही नोंदींत सारखाच येतो आणि त्यांतील फरक बराच विश्वासार्ह राहतो. फक्त दोन्ही आकडे तळाच्या बरेच वर हवेत.

आणखी एक मर्यादा आहे. कॉम्प्रेसरची गुणगुण खालच्या पट्टीची असते. फोनचे माइक व `A` दुरुस्ती या दोन्हींत ती कमी मोजली जाते. त्यामुळे आकडा लहान दिसला, तरी वडिलांची तक्रार खोटी ठरत नाही.

भारताच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत निवासी भागासाठी 45 व व्यापारी भागासाठी 55 डेसिबल ही सरासरी मर्यादा आहे. ती परिसराच्या आवाजाची मर्यादा आहे, शयनगृहाची नव्हे. शिवाय फोनच्या 46 मध्ये काही डेसिबलची चूक संभवते, तेव्हा 45 ची मर्यादा ओलांडली असे त्यावरून म्हणता येत नाही. तक्रारीसाठी कॅलिब्रेट केलेल्या ध्वनिमापकाचीच नोंद हवी.

शेजाऱ्यापुढे मांडायचा मुद्दा त्यामुळे वेगळा ठरतो. कॉम्प्रेसर बंद होताच खोलीतील आवाज 8 डेसिबलने उतरतो, हे दोघांनी एकत्र उभे राहून पाहता येते. यंत्राखाली रबरी पाया बसवला, तर त्याच जागी, त्याच फोनने, त्याच वेळी पुन्हा मोजावे. एखाद-दोन डेसिबलचा उतार हा मोजणीतील चढउतारही असू शकतो. 10 डेसिबल उतरले, तर कानाला आवाज सुमारे निम्मा वाटतो. त्याच्या अलीकडे काही मिळाले, तरी अंतिम कौल वडिलांच्या झोपेचाच.