थकलेले बिल आणि लेखी कबुली
लग्नपत्रिकांचे 18,000 रुपयांचे बिल पाहून गिऱ्हाइकाने शाई फिकी असल्याची तक्रार केली, तेव्हा माझ्या परिचयाच्या छापखानदाराने आवाज न चढवता, त्याच्याच सहीचे मंजूर प्रूफ पुढे ठेवून, वादग्रस्त 3,000 रुपये तूर्त बाजूला काढले आणि उरलेले 15,000 देणे असल्याची कबुली त्याच्याकडून लेखी, तारखेसह घेतली. ही कबुली फार मोलाची, कारण मुदतीच्या आत सही होऊन मिळाल्यास वसुलीच्या दाव्याची 3 वर्षांची मुदत त्या दिवसापासून नव्याने सुरू होते. कबूल केलेला वायदाही टळला आणि उत्तरे येईनाशी झाली, की वकिलामार्फत, स्पीड पोस्टाने, 15 दिवसांची नोटीस धाडावी. मात्र नोटिशीने मुदत थांबते हा समज घातक असून, त्या भरवशावर स्वस्थ बसणाऱ्याचा रास्त दावाही मुदतबाह्य ठरतो.